सीबीसी नॉर्मल आहे, मग जॅक-२ ची तपासणी कशासाठी?

प्रश्न: माझी पत्नी ३६ वर्षांची आहे, आम्ही ऐरोलीला राहतो. तीन वर्षांपूर्वी तिच्या मेंदूच्या शिरेत गुठळी झाली होती. तेव्हा ती गर्भनिरोधक गोळ्या घेत होती, म्हणून तेच कारण धरलं. सहा महिने रक्त पातळ करण्याचं औषध दिलं आणि थांबवलं. आता पोट दुखत होतं म्हणून सीटी स्कॅन केला, तर पोर्टल व्हेन बंद, कॅव्हर्नोमा झालेला आणि प्लीहा १७ सेंटिमीटर. लिव्हर ठीक आहे. हिमोग्लोबिन १२.८, पांढऱ्या पेशी ११,४००, प्लेटलेट ३.९० लाख, म्हणजे जवळपास सगळं नॉर्मल. फक्त आरबीसी ६.३ आणि एमसीव्ही ६८. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात, थॅलेसेमिया मायनर असेल. ॲडमिट असताना पाचव्या दिवशी, हेपॅरिन आणि वॉरफेरिन चालू असताना, प्रोटीन एस कमी आलं. त्यावर एक डॉक्टर म्हणाले, कारण सापडलं. दुसरे म्हणतात, जॅक-२ करा आणि लागलं तर बोन मॅरो. नॉर्मल सीबीसी असताना कॅन्सरची तपासणी कशाला? आम्हाला दुसरं मूलही हवं आहे.

उत्तर: जॅक-२ या जनुकाची तपासणी करून घ्या, आणि लांबवू नका. दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. तुम्ही पाठवलेले आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचले की त्यांना शंका का आली ते कळतं.

सुरुवात प्लीहेपासून करू. निरोगी माणसाची प्लीहा साधारण १२ सेंटिमीटरपर्यंत असते आणि शरीरातल्या एक तृतीयांश प्लेटलेट एरवीही तिच्यात साठलेल्या असतात. पोर्टल व्हेन बंद पडली की आतड्याकडून येणारं रक्त तुंबतं, प्लीहा फुगते आणि कितीतरी जास्त पेशी आपल्यात अडवून ठेवते. त्यामुळे १७ सेंटिमीटरच्या प्लीहेबरोबर प्लेटलेट दीड लाखाच्या खाली, कधी ७०-८० हजारांपर्यंत, आणि पांढऱ्या पेशी तीन-चार हजार दिसायला हव्या होत्या. तुमच्या पत्नीच्या प्लेटलेट ३.९० लाख आहेत आणि पांढऱ्या पेशी ११,४००. गळकी टाकी काठोकाठ भरलेली दिसली, तर वरचा नळ जोरात सुरू आहे असंच समजायचं. इथे तो नळ म्हणजे अस्थिमज्जा. लॅबचं यंत्र आकड्याची तुलना निरोगी माणसाच्या मर्यादेशी करतं. प्लीहा किती मोठी आहे हे त्याला माहीत नसतं, म्हणून ते 'नॉर्मल' छापतं.

हिमोग्लोबिनचंही तसंच आहे. एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ते ८० च्या खाली गेलं की पेशी लहान झाल्या असं म्हणतात. तुमच्या पत्नीच्या पेशी ६८ च्या आहेत, पण संख्या ६३ लाख. बाईच्या रक्तात ती साधारण ४८ लाखांच्या आत असते. दोन्ही आकडे गुणले तर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, सुमारे ४३ टक्के येतं. ६३ लाख पेशी नेहमीच्या आकाराच्या असत्या, म्हणजे एमसीव्ही ८५ असतं, तर हेच हिमॅटोक्रिट ५३ च्या पुढे गेलं असतं. बायकांमध्ये ४८ च्या वर गेलं की पॉलिसायथेमिया व्हेराची, म्हणजे मज्जा तांबड्या पेशी जादा बनवते त्या आजाराची, शंका घेतात. लोह कमी पडल्यामुळे पेशी लहान राहिल्या आणि मज्जेचं जादा उत्पादन झाकलं गेलं, ही शक्यता इथे अगदी समोर दिसते. या आजारात मज्जा इतक्या पेशी बनवते की लोह त्यातच संपतं. पोर्टल दाब वाढल्यावर पोटातल्या फुगलेल्या शिरांतून नकळत रक्त जातं, पाळीतही जातं. शिवाय प्लीहा मोठी झाली की रक्तातला पातळ भाग वाढतो आणि हिमोग्लोबिन आहे त्याहून कमी दिसतं.

तुमच्या फॅमिली डॉक्टरांना थॅलेसेमिया मायनर सुचला, त्यात नवल नाही. लहान पेशी आणि जास्त संख्या हीच त्याचीही खूण आहे, आणि ठाणे जिल्ह्यात, विशेषतः उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांत, तो नेहमी दिसतो. पण थॅलेसेमिया मायनर जन्मापासून असतो, मध्येच होत नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वीच्या ॲडमिशनचे आणि त्याआधीच्या बाळंतपणाचे सीबीसी काढा. तेव्हा एमसीव्ही ८४-८५ असेल तर थॅलेसेमियाचा प्रश्न तिथेच मिटला. तेव्हाही ६८-७० असेल, तर शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन आणि एचपीएलसी तपासणीतलं हिमोग्लोबिन ए-२ दोन्ही करा. लोह फार कमी असताना ए-२ खोटं कमी दिसू शकतं, म्हणून फेरिटिनशिवाय त्याचा अर्थ लावू नका. जुन्या सीबीसीचा दुसराही उपयोग आहे. प्लीहा वाढण्याआधीचे आकडे झाकलेले नसतात. तीन वर्षांपूर्वी प्लेटलेट साडेचार लाखांच्या पुढे किंवा हिमोग्लोबिन १६ च्या वर असेल, तर रक्तविकार तेव्हापासूनचा असण्याची शक्यता बळावते. हे जुने कागद हिमॅटोलॉजिस्टला नव्या स्कॅनइतकेच उपयोगी पडतात.

आता जागेबद्दल. पायाच्या शिरेत गुठळी झाली तर आपण प्लास्टर, ऑपरेशन, लांबचा प्रवास, बाळंतपण अशी कारणं शोधतो, आणि बहुतेकदा ती सापडतात. पोर्टल व्हेनचं गणित वेगळं आहे. लिव्हर सिऱ्होसिस आणि पोटातला कॅन्सर वगळला, तर पोर्टल व्हेनमध्ये गुठळी झालेल्या साधारण तीनांतल्या एका रुग्णात मायलोप्रोलिफरेटिव्ह आजार सापडतो, म्हणजे मज्जेतली एक मूळपेशी बिघडून रक्तपेशी बेसुमार बनवते. यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा बंद होतात त्या बड-किआरीमध्ये हे प्रमाण दहांत चारांच्या आसपास जातं. तुमच्या शंकेचं उत्तर मात्र पुढच्या आकड्यात आहे. रक्ताच्या आकड्यांत या आजाराचं नेहमीचं चित्र दिसत नव्हतं, अशा पोर्टल गुठळीच्या रुग्णांची जॅक-२ तपासणी केली, तेव्हाही शंभरांतल्या सुमारे पंधरा जणांत आजार निघाला. म्हणजे नॉर्मल सीबीसी हे तपासणी टाळण्याचं कारण होऊ शकत नाही.

मेंदूच्या शिरेतल्या गुठळीत हा आजार बराच कमी सापडतो, शंभरांत पाचांच्या आतबाहेर. तिथे गोळ्या, बाळंतपण, कानाचा किंवा सायनसचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं ही कारणं जास्त दिसतात. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी गोळ्यांवर बोट ठेवणं आणि सहा महिन्यांनी औषध थांबवणं हे रीतीला धरूनच होतं. मेंदूत गुठळी झालेल्या प्रत्येकाची जॅक-२ तपासणी करावी, असं आमचंही म्हणणं नाही. कारण सापडलं नसेल, पेशी थोड्या जरी वाढलेल्या असतील, प्लीहा मोठी असेल किंवा पुन्हा गुठळी झाली असेल, तर मात्र करावी. तुमच्या पत्नीच्या बाबतीत गोळ्या बंद झाल्या आणि तरीही दुसरी गुठळी झाली, तीही अशीच नेहमी न दिसणाऱ्या जागी. पहिल्या वेळी गोळ्या हे निमित्त होतं आणि मुळात रक्तच गोठायला टेकलेलं होतं, असं आता मागे वळून दिसतं. कॅव्हर्नोमा म्हणजे बंद पडलेल्या शिरेभोवती शरीराने तयार केलेल्या पर्यायी बारीक शिरांचं जाळं. तो आणि १७ सेंटिमीटरची प्लीहा पाहता पोटातली गुठळी काही आठवड्यांची नसून बरीच जुनी असणार.

प्रोटीन एसच्या रिपोर्टवर थांबू नका. प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन ही रक्त गोठणं आवरणारी तिन्ही प्रथिनं मुख्यतः यकृतात बनतात. ताज्या गुठळीत ती खर्च होतात आणि यकृताला जाणारं रक्त कमी झालं की कमी बनतात. वॉरफेरिन सी आणि एस दोन्ही खाली आणतं, हेपॅरिन अँटिथ्रॉम्बिन खाली आणतं. पाचव्या दिवशी, दोन्ही औषधं चालू असताना काढलेल्या रक्तात प्रोटीन एस कमी येणारच. त्यावरून जन्मजात कमतरता ठरवता येत नाही. नंतर कधी ती तपासायचीच असेल, तर वॉरफेरिन बंद करून काही आठवडे गेल्यावर तपासावी लागेल. पण केवळ या तपासणीसाठी आत्ता औषध बंद करणं धोक्याचं आहे, म्हणून तो प्रश्न सध्या बाजूला ठेवा. समजा पुढे कमतरता खरी निघाली, तरी जॅक-२ ची गरज संपत नाही. पोटातल्या गुठळ्यांत एकाच माणसात दोन-दोन कारणं सापडणं नेहमीचं आहे, आणि एक सापडलं की शोध थांबवल्याने दुसरं हातचं निसटतं.

जॅक-२ ला या कुठल्याच अडचणी नाहीत. ती पेशीतल्या डीएनएची तपासणी आहे, त्यामुळे वॉरफेरिन, हेपॅरिन, ताजी गुठळी किंवा यकृताची स्थिती यांनी तिचा निकाल बदलत नाही. उपाशी राहायला नको, औषध थांबवायला नको. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरतं. ऐरोलीत किंवा ठाण्यात मोठ्या लॅबच्या कलेक्शन सेंटरवर नमुना दिला तरी चालतो. एक गोष्ट मात्र आधी विचारा: तपासणी कोणत्या पद्धतीने होते आणि किती टक्क्यांपर्यंतचा बदल पकडते? २००५ साली सापडलेल्या व्ही६१७एफ या बदलात जॅक-२ प्रथिनातलं ६१७ क्रमांकाचं अमिनो आम्ल बदललेलं असतं, आणि पेशी वाढवण्याचा संदेश बंदच होत नाही. पोटातल्या गुठळ्यांच्या रुग्णांत असा बदल झालेल्या जनुकांचं प्रमाण पुष्कळदा कमी असतं, दहा-पंधरा टक्केच. जुन्या पद्धतीचं सँगर सीक्वेन्सिंग १५ ते २० टक्क्यांच्या खालचा बदल सहज हुकवतं आणि 'निगेटिव्ह' लिहून मोकळं होतं. रिअल-टाइम पीसीआर किंवा तशीच पद्धत हवी, जी निदान एक टक्का पकडेल आणि रिपोर्टवर टक्केवारी छापेल.

निकाल हाती आल्यावर काय? ८ टक्के आले तरी ते 'थोडंसं पॉझिटिव्ह' नाही, तुमच्या पत्नीच्या बाकीच्या चित्रासह तो पॉझिटिव्हच. एक टक्क्याच्या खाली आलं तर घाईने शिक्का मारायचा नाही. पुन्हा तपासायचं आणि मज्जा पाहून ठरवायचं. निगेटिव्ह आलं, तरी तुमच्याकडे तिथे थांबायचं नाही. प्लीहा १६ सेंटिमीटरच्या वर आणि प्लेटलेट दोन लाखांच्या वर असतील, तर दुसरं जनुक सीएएलआर तपासतात. या गुठळ्यांत ते क्वचितच सापडतं, पण सापडतं ते बहुतेक अशाच रुग्णांत. तुमच्या पत्नीत दोन्ही अटी पुऱ्या होतात. याच वेळी, गुठळ्यांची आणखी दोन कारणं पाहण्यासाठी, अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी आणि पीएनएच या रक्ताच्या आजारासाठीची फ्लो सायटोमेट्रीही करून घ्या. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर बारा आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय ते निदान पक्कं धरत नाहीत.

जॅक-२ पॉझिटिव्ह आल्यावरही बोन मॅरो लागतो, आणि इथे बरेच जण 'आता तर कळलं, मग कशाला' म्हणून मागे सरतात. जॅक-२ मुळे आजारांचा गट कळतो, गटातला नेमका आजार कळत नाही. पॉलिसायथेमिया व्हेरा, इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया आणि मायलोफायब्रोसिसची सुरुवात यांचे पुढचे मार्ग वेगळे आहेत, आणि तुमच्याकडे रक्ताचे आकडे झाकलेले असल्यामुळे फरक मज्जेतच दिसेल. नुसता ओढलेला द्रव पुरत नाही, हाडाचा बारीक तुकडा म्हणजे ट्रेफाइन बायोप्सी हवी. कमरेच्या मागच्या हाडात जागा बधिर करून ती घेतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. रक्त पातळ करणारं औषध त्यासाठी किती वेळ थांबवायचं ते डॉक्टर सांगतील, स्वतःच्या मनाने डोस चुकवू नका. सोबत एरिथ्रोपोएटिनची, म्हणजे मज्जेला तांबड्या पेशी बनवायला सांगणाऱ्या संप्रेरकाची, पातळी करतात. ती कमी आली तर पॉलिसायथेमियाच्या बाजूने पुरावा मिळतो. नॉर्मल आली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण रक्तस्राव आणि लोहाची कमतरता ती वर नेतात.

कॅन्सर या शब्दाबद्दल सरळ सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हे आजार रक्ताच्या कर्करोगांत मोडतात. पण तीव्र ल्युकेमियासारखं इथे आठवड्यांत काही घडत नाही. हा वर्षानुवर्षं औषधावर सांभाळायचा आजार आहे. काही जणांत अनेक वर्षांनी मज्जा तंतुमय होते, त्याहून थोड्यांत ल्युकेमिया होतो. आत्ता खरा धोका आहे तो तिसऱ्या गुठळीचा, आणि निदान झालं की त्याविरुद्धचे उपचार बदलतात.

बदलतात ते असे. रक्त पातळ करणारं औषध सहा महिन्यांचं न राहता कायमचं होतं. वॉरफेरिन असेल तर रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आयएनआर २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. पॉलिसायथेमिया ठरला तर हिमॅटोक्रिट कायम ४५ टक्क्यांच्या खाली ठेवतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या अभ्यासात ते ४५ ते ५० दरम्यान राहू दिलेल्या रुग्णांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने मृत्यू आणि मोठ्या गुठळ्या सुमारे चौपट दिसल्या. तुमच्या पत्नीचं आत्ता ४३ आहे, त्यामुळे लगेच रक्त काढावं लागेल असं नाही. आणि एकदा गुठळी झालेली आहे म्हटल्यावर वय ३६ असलं तरी ती जास्त धोक्याच्या गटात येते, म्हणजे पेशींची निर्मिती कमी करणारं औषधही लागतं.

लोहाच्या गोळ्या कोणी सुरू केल्या असतील तर हिमॅटोलॉजिस्टला विचारेपर्यंत थांबवा. कमी लोहामुळेच तांबड्या पेशींना आज आवर बसला असेल, तर लोह मिळताच हिमॅटोक्रिट काही आठवड्यांत उसळी घेऊ शकतं. थकवा फार असेल तर लोह देतातही, पण वरचेवर सीबीसी पाहत.

अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहण्यासाठी दुर्बिणीची तपासणी झाली नसेल तर ती याच आठवड्यात करून घ्या. शिरा मोठ्या निघाल्या तर त्यांना बँड लावतात किंवा प्रोप्रॅनोलॉल, कार्व्हेडिलॉलसारखी गोळी देतात, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू ठेवता येतं. शिरा आहेत म्हणून ते औषध परस्पर बंद करणं ही नेहमी दिसणारी चूक आहे. डोकेदुखी-अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेऊ नये. ॲस्पिरिनही सोबत हवं की नको ते डॉक्टरांनीच ठरवावं, कारण दोन्ही मिळून रक्तस्राव वाढतो. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, वाढत जाणारी पोटदुखी, आडवं झाल्यावर वाढणारी डोकेदुखी, अंधुक दिसणं, झटका किंवा एका बाजूची कमजोरी यांपैकी काहीही झालं तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा, क्लिनिक उघडायची वाट पाहू नका.

मुलाचा विचार सोडायची गरज नाही, पण क्रम बदलावा लागेल. आधी निदान, मग औषधं, मग गर्भधारणा. पेशींची निर्मिती कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया गर्भाला घातक ठरू शकतं, म्हणून मूल हवं असलेल्या बाईला बहुधा पेगिलेटेड इंटरफेरॉन देतात. ते कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन आहे आणि थायरॉइड व मनःस्थितीवर लक्ष ठेवावं लागतं. वॉरफेरिन गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळात दोष निर्माण करू शकतं, म्हणून गर्भधारणा कळताक्षणी, सहावा आठवडा लागण्याच्या आत, हेपॅरिनच्या गटातल्या एनॉक्सापॅरिनच्या इंजेक्शनवर यावं लागतं. पाळी चार दिवस जरी चुकली तरी टेस्ट करायची, हे आत्ताच ठरवून ठेवा. अन्ननलिकेतल्या शिरांचा बंदोबस्त गर्भधारणेआधी झालेला बरा, कारण पोटातला दाब दिवसांसोबत वाढत जातो. तोपर्यंत गर्भनिरोधनासाठी इस्ट्रोजेन असलेली कोणतीही गोळी नको, पाळी पुढे-मागे करण्यासाठीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीच गोळी नको. रक्त पातळ करणाऱ्या औषधामुळे पाळीत जास्त रक्त जात असेल, तर कॉपर-टीपेक्षा गर्भाशयात बसवायचं लेव्होनॉरजेस्ट्रेलचं साधन सोयीचं पडतं. हिमॅटोलॉजिस्ट, पोटविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ तिघांकडे एकच फाइल घेऊन जा, आणि तिच्यात सर्वांत वर तीन वर्षांपूर्वीचा तो जुना सीबीसी लावा.